नफ्यात फरक फक्त 4,000 चा, चुका मात्र 52,000 च्या

एका छोट्या कन्सल्टन्सीचं 31 मार्चचं क्लोजिंग माझ्याकडे आलं होतं. बहुतेक एंट्र्या आधीच्या माणसाने पास केलेल्या, ट्रायल टॅली, नफाही मालकांच्या अंदाजाच्या आसपास, त्यामुळे मालकांचं म्हणणं की आता फक्त एकदा नजर टाका आणि फायनल करा. मी भाडं, इन्शुरन्स आणि वीज ही तीन लेजर शेवटी उघडली, कारण यात फारसं काही नसतं असं सगळ्यांना वाटतं.

वीज 94,000 दिसत होती. बाराने भागलं तर महिन्याला 7,800 च्या वर, आणि वर्षभरातली बिलं तीन-तीन महिन्यांची, 18,000, 17,000, 16,000, 17,000, म्हणजे महिन्याला सहा हजाराच्या आतबाहेर. कुठल्याच तिमाहीत एवढी वीज जळलेली नाही मग खर्च आला कुठून? मग आउटस्टँडिंग विजेचं खातं बघितलं तर तिथे 38,000 देणं. या ऑफिसचं बिल फेब्रुवारी ते एप्रिल असं येतं, यंदाचं ते मे महिन्यात आलं 21,000 चं, त्यातले आपल्या वर्षाचे दोनच महिने म्हणजे 14,000. (मीटरचं 31 मार्चचं रीडिंग कोणी घेतलं नव्हतं, घेतलं असतं तर युनिटवर अचूक वाटणी झाली असती, इथे महिन्यांवर केली आणि वापर साधारण सारखाच होता म्हणून चालून गेलं.) तीन महिन्यांचं अख्खं बिल 21,000 असताना दोन महिन्यांचं देणं 38,000 कसं असेल?

कागदावर मांडलं. योग्य खर्च म्हणजे भरलेले 68,000, त्यातून गेल्या वर्षीचं ओपनिंग आउटस्टँडिंग 12,000 वजा, कारण मे मध्ये भरलेल्या 18,000 मधले फेब्रुवारी-मार्चचे 12,000 गेल्या वर्षीच खर्चात धरलेले होते, आणि यंदाचे 14,000 अधिक. झाले 70,000. लेजरला 94,000, फरक 24,000, आणि 24,000 म्हणजे बरोब्बर 12,000 ची दुप्पट. फरक ओपनिंगच्या दुप्पट निघाला की मी आधी बाजू तपासते. तसंच होतं, गेल्या वर्षीचे 12,000 वर्षाच्या सुरुवातीला खर्चातून वजा करणारी एंट्री, म्हणजे रिव्हर्सल, उलटं पडलं होतं, आउटस्टँडिंग डेबिट आणि वीज क्रेडिट करायच्या ऐवजी वीज डेबिट. 12 आणि 12 आणि 14, झाले ते 38. डेबिट-क्रेडिट दोन्ही सारखे असल्याने ट्रायल अर्थातच टॅली, ट्रायल अशा चुका कधीच दाखवत नाही.

इथे मला खरी काळजी वाटली. खर्च 24,000 ने जास्त आहे तर नफा तेवढा कमी दिसायला हवा, मग तो अंदाजाला जुळतोय कसा? म्हणजे उलट्या दिशेची दुसरी चूक कुठेतरी आहे.

ती भाड्यात सापडली. भाडं 3,30,000. मे पासूनचं भाडं महिना 30,000, आणि 3,30,000 भागिले 30,000 म्हणजे अकरा. अकराच महिने! भाडं तीन महिन्यांचं आगाऊ जातं, 1 मे, 1 ऑगस्ट, 1 नोव्हेंबर, 1 फेब्रुवारी, दर वेळी 90,000. शेवटच्या हप्त्यातले एप्रिलचे 30,000 प्रीपेडला काढले होते ते बरोबरच, पण वर्षाच्या सुरुवातीचा एप्रिल, जुन्या दराचा 28,000 चा, गेल्या वर्षीच भरलेला आणि प्रीपेडमध्ये पडून राहिलेला, तो खर्चात आणलाच नव्हता. प्रीपेड भाडं 58,000 दिसत होतं, म्हणजे जवळपास दोन महिन्यांचं, आणि पुढे भरलेला होता एकच महिना. खरा खर्च 3,58,000.

इन्शुरन्स बरोबर निघाला. 1 डिसेंबरपासूनची पॉलिसी, प्रीमियम 48,000, चार महिने यंदाचे 16,000, अधिक ओपनिंगचे 28,000, एकूण 44,000. पॉलिसीवरची कव्हरची तारीख बघून घेतली, प्रीमियम भरल्याची तारीख धरून महिने मोजले की इथे हमखास चुकतं.

म्हणजे विजेमुळे नफा 24,000 ने कमी, भाड्यामुळे 28,000 ने जास्त, निव्वळ फरक 4,000. मालक म्हणाले, "अहो 4,000 साठी कशाला परत उघडताय?" मी त्यांना नफा दाखवलाच नाही, ताळेबंद दाखवला. 28,000 चं प्रीपेड जे अस्तित्वातच नाही, 24,000 चं देणं जे कोणालाच द्यायचं नाही, आणि हे दोन्ही आकडे पुढच्या वर्षाचं ओपनिंग म्हणून तसेच पुढे जाणार. ते थोडा वेळ 58,000 वर बोट ठेवून बसले आणि म्हणाले, "करा दुरुस्त."

दोन जर्नल एंट्र्या पास केल्या. प्रीपेड भाडं 30,000 वर आलं, आउटस्टँडिंग वीज 14,000 वर. मग तिथेच बसून 1 एप्रिलची तिन्ही रिव्हर्सल टाकली, प्रत्येकीच्या नॅरेशनमध्ये बिलाचा कालावधी लिहून, आणि मगच फाइल बंद केली.