पहिला पासपोर्ट: कागदांवर दोन जन्मतारखा आणि दोन पत्ते

धाकट्या बहिणीचा पहिला पासपोर्ट नुकताच हातात आला. ती नोकरीसाठी पुण्यात भाड्याच्या घरात राहते, घर सातारा जिल्ह्यातल्या गावी. अर्ज भरायला बसायच्या आधी आम्ही तिचे सगळे कागद जमिनीवर पसरले आणि प्रत्येकावरचं नाव, जन्मतारीख आणि पत्ता एका वहीत ओळीने उतरवून काढला. हे तुम्हीही करा. कागद फायलीत असतात तेव्हा सगळे सारखेच वाटतात.

वहीत दिसलं ते असं. ग्रामपंचायतीच्या जन्म दाखल्यावर १७ ऑगस्ट १९९६, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तीच. आधारवर मात्र १ जानेवारी १९९६. सुरुवातीच्या काळात गावोगावी आधारची शिबिरं झाली तेव्हा ज्यांच्याकडे त्या क्षणी दाखला नव्हता त्यांचं फक्त वर्ष नोंदलं गेलं, आणि अशा अनेकांच्या कार्डावर पुढे १ जानेवारी आली. पॅन काढताना आधार जोडलं होतं, त्यामुळे तीच तारीख पॅनवरही गेली. शिवाय वडिलांचं नाव आधारवर Dattatray आणि पॅनवर Dattatraya. पत्ता सगळीकडे गावचा.

ओळखीचे बरेच जण म्हणाले, जन्मतारखेसाठी एकच कागद लागतो, शाळेचा दाखला लाव आणि मोकळी हो. नियम म्हणून ते खरं आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्म दाखलाच लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना जन्म दाखला, शाळा सोडल्याचा किंवा दहावीचा दाखला, पॅन, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांपैकी कोणताही एक चालतो. दहावीची सनद लावणार असाल तर तिच्यावर जन्मतारीख छापलेली आहे ना, ते आधी बघा. पण पत्त्यासाठी आधार द्यायचं म्हणजे तेही त्याच टेबलावर येणार आणि अधिकारी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघणार. एकावर ऑगस्ट आणि दुसऱ्यावर जानेवारी असेल तर अर्ज तिथेच अडकू शकतो. म्हणून आम्ही आधी कागद दुरुस्त केले आणि मगच अर्ज भरला.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. जन्माच्या नोंदीतून बाकीचे कागद निघतात, म्हणून तो दाखला मूळ धरायचा. त्यावरून आधार, मग आधारवरून पॅन. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे केंद्रावरच्या माणसाने टाइप केलेली तारीख पावतीवर स्वतः वाचून घ्या, मगच उठा. वडिलांच्या नावासाठी आम्ही त्यांच्या स्वतःच्या आधारवरचं स्पेलिंग प्रमाण मानलं आणि पॅनच्या दुरुस्तीत जन्मतारखेबरोबर तेही सुधारून घेतलं. जन्म दाखल्यावर मुलीचं फक्त पहिलं नाव आहे, पण आईवडिलांची नावं पूर्ण आहेत, त्यामुळे त्याची अडचण आली नाही.

आता पत्ता. घरच्यांचा आग्रह होता की गावचाच पत्ता टाकावा, आधारवर आहेच. मला हे अजिबात पटलं नाही. अर्जात सध्याचा पत्ता विचारतात आणि पोलीस पडताळणी त्याच पत्त्यावर होते. गावी पोलीस आले आणि शेजाऱ्यांनी सरळ सांगितलं की ती पुण्याला असते, तर अहवाल प्रतिकूल जातो. मग पुढची सगळी पत्रापत्री आली. जिथे झोपता तोच पत्ता द्या.

पुण्याच्या पत्त्याचा पुरावा मात्र सहज मिळाला नाही. वीजबिल घरमालकाच्या नावावर, ते उपयोगाचं नाही. भाडेकरार स्टँप पेपरवर नोटरी केलेला होता, तोही चालत नाही; नोंदणी केलेलाच लागतो. घरमालकाला समजावून लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन नोंदवून घेतला. मैत्रिणींनी मिळून घर घेतलं असेल तर करारात तुमचं नाव भाडेकरू म्हणून असायला हवं, नुसतं सोबत राहत असल्याने भागत नाही. करार हातात आल्यावर आधार केंद्रावर जन्मतारीख आणि पत्ता ही दोन्ही कामं एकाच खेपेत केली. करार नोंदवणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं, व्यवहार सुरू असलेल्या खात्याचं पासबुक हा चांगला मार्ग आहे. शाखेत पत्ता बदलून घ्यायचा आणि फोटोवर बँकेचा शिक्का आहे ना ते बघायचं.

अर्जात तीन जागी थांबून विचार करावा लागला. Given Name मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आणि Surname मध्ये फक्त आडनाव. आपल्याकडे शाळेच्या कागदांवर आडनाव आधी असतं, ते बघत बघत भरलं की उलटसुलट होतं. दुसरी जागा, या पत्त्यावर कधीपासून राहता. बहिणीला पुण्यातल्या या घरात वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून आधीचा पत्ताही द्यावा लागला. तारीख मागे ढकलून तो रकाना टाळू नका; करारावरची तारीख समोरच असते. तिसरी, Non-ECR, म्हणजे काही देशांत नोकरीला जाताना सरकारची वेगळी परवानगी लागू नये यासाठीचा रकाना. दहावी उत्तीर्ण असाल तर हो म्हणा आणि ते प्रमाणपत्र बरोबर ठेवा.

साध्या ३६ पानी पासपोर्टचे १५०० रुपये ऑनलाइन भरल्यावर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ मिळाली. आत ए, बी, सी अशी तीन टप्प्यांची काउंटर असतात. ए वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, आणि भरलेली माहिती तुम्हाला स्क्रीनवर दाखवतात. बहिणीने प्रत्येक ओळीवर बोट ठेवून नाव, तारीख, वडिलांचं स्पेलिंग वाचलं. मागे रांग आहे म्हणून इथे घाई करू नका, दुरुस्तीची सोपी वेळ हीच. बी वर मूळ कागद तपासतात. तिथल्या बाईंनी जन्म दाखला आणि नवं आधार शेजारी धरलं, भाडेकराराची नोंदणी बघितली आणि आधीच्या पत्त्याबद्दल एक प्रश्न विचारला. सी वर अंतिम मंजुरी. जुनं प्लास्टिकचं आधार कार्ड घरीच ठेवून आम्ही बदलानंतर डाउनलोड केलेलं ई-आधार नेलं होतं. काही कमी पडलंच तर काय आणायचं ते लिहिलेला कागद देतात, तो जपून ठेवा.

पोलीस ठाण्यातून फोन आला तेव्हा करार, आधार आणि जन्म दाखल्याच्या प्रती तयार होत्या. फोन न उचलल्याने पडताळणी अडते, म्हणून त्या काळात अनोळखी नंबर उचला आणि शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे आणि जन्म दाखल्यावर वेगळीच तारीख, त्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. शाळा सोडल्यावर तो दाखला बदलून मिळणं फार कठीण जातं, आणि पदवीपासून नोकरीपर्यंतचे कागद त्याच तारखेवर उभे असतात. अशांनी अर्ज भरण्याआधी दोन्ही दाखले घेऊन प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात विचारून घ्यावं. अर्जात खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा आहे, आणि पासपोर्टवर एकदा छापलेली जन्मतारीख बदलणं हे आधार बदलण्याइतकं सोपं नाही.