१४० जणांच्या कॉलवर निरोपाची दोन मिनिटं (माझा अनुभव)

एचआरचा मेल आला, शुक्रवारी सेंडऑफ झूमवर, तुम्ही दोन मिनिटं मनापासून बोला, प्लीज वाचून नको. मनापासून आणि वर घड्याळ लावून, हे कसं जमवायचं ते मात्र मेलमध्ये नव्हतं. हॉल असता तर बोलले असते हो काहीतरी, पण १४० माणसं, सगळी म्यूटवर, निम्म्यांचे कॅमेरे बंद.

आधी दोन पानं लिहून काढली. मोबाइलवर वेळ लावून वाचली तर साडेपाच मिनिटं, आणि मुलगी म्हणाली, आई तू बातम्या देतेयस. खरंच होतं, लिहायला बसलं की हात आपोआप "प्रदीर्घ सेवाकाळात लाभलेलं सहकार्य" लिहितो, चहा पिताना कोणी असं बोलतं का! मग पानं फाडली आणि एका पिवळ्या चिठ्ठीवर चारच शब्द लिहिले: मार्च, २७ रुपये, डबा, माइक. चिठ्ठी लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला अगदी लागून चिकटवली, कारण टेबलावर ठेवली की दरवेळी मान खाली जाते आणि वाचतेय ते सगळ्यांना दिसतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ, मधलं दरवेळी वेगळं आलं तरी चालेल असं ठरवलं.

पहिलं वाक्य लगेच सुचलं: "नमस्कार, मी अकाउंट्समधली, मार्च आला की बिलांसाठी तुमच्या मागे लागायची ती." (नमस्कार सुटा ठेवा, माइक उघडताना पहिला शब्द कधीकधी अर्धा गिळला जातो, गेला तर नमस्कार जाऊदे.) मध्ये एकच किस्सा. एका वर्षअखेरीला २७ रुपयांचा फरक निघत होता, रात्री साडेनऊपर्यंत आम्ही तिघी व्हाउचर चाळतोय, तेव्हा आमच्या जुन्या साहेबांनी सांगितलं, फरकाला ९ ने भाग जातोय ना, मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत. निघालं तेच, ५८ च्या जागी ८५. मग तिघींनी एकाच डब्यातला गार पोहा खाल्ला. बस, एवढंच.

आणि मग शेवट. अहो तीन दिवस या शेवटानं माझं डोकं खाल्लं. सराव म्हणून मुलीबरोबर कॉल लावून रेकॉर्ड केलं आणि ऐकलं तर किस्सा संपल्यावर मी पुढे चाळीस सेकंद नुसती घरंगळत होते: "तर असं... बाकी काय... सगळ्यांचे आभार... आणि हो, संपर्कात राहूया... तर मग... चला..." चार वेळा संपवलं आणि एकदाही संपलं नाही. मुलीला म्हटलं, हॉलमध्ये तर माझं असं होत नाही. मग लक्षात आलं की हॉलमध्ये शेवट आपण करतच नाही, लोक करतात, टाळी पडते आणि आपण बसतो. इथे सगळे म्यूट, आपण थांबलो की शांतता, आणि शांतता झाली की वाटतं आपलं काहीतरी राहिलं, म्हणून अजून एक वाक्य, परत शांतता, परत वाक्य. "धन्यवाद" म्हणून पण बघितलं, पण ते मध्ये कुठेही येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला कळत नाही हे शेवटचं की अजून आहे.

उपाय एवढाच निघाला की शेवटचं वाक्य कोणाच्या तरी हातात द्यायचं. एचआर मॅडमना आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, "माइक तुमच्याकडे" ऐकलं की लगेच बोलायला लागा, एक सेकंदही थांबू नका. आणि आभार वगैरे सगळं त्या वाक्याच्या आधी उरकायचं. वाक्य ठरलं: "माझा ताळा जुळला. मॅडम, आता माइक तुमच्याकडे." म्हटलं की स्वतः म्यूट, म्हणजे "हां... तर" म्हणायची सोयच नाही.

प्रत्यक्षात काय झालं, तर मॅडम म्हणाल्या "बोला", आणि माझा माइक उघडेना. होस्टने सगळ्यांना म्यूट करून स्वतःहून अनम्यूट व्हायची परवानगीच काढली होती, मी वेड्यासारखी स्पेसबार दाबून धरतेय (एरवी त्याने तेवढ्यापुरता माइक उघडतो, पण परवानगी बंद असेल तर नाही). शेवटी त्यांनी तिकडून विनंती पाठवली, स्क्रीनवर खिडकी आली, ती दाबली. त्यामुळे फोनवर हेही सांगून ठेवा, मला आधीच को-होस्ट करा म्हणून, मी विसरले. पण माइक उघडल्यावर "येतोय का आवाज, येतोय का" मी केलं नाही, सरळ पाठ वाक्यावर गेले.

एक मिनिट पन्नास सेकंद, मुलीने मोजलं. मॅडम खरंच लगेच बोलल्या. दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेने रेकॉर्डिंग मागितलं तर म्हणाल्या, अय्या, ते सुरूच करायचं राहिलं.