लग्नाच्या वाढदिवसाचे पत्र

काल संध्याकाळी नात्यातल्या एका बाईंनी आम्हा दोघांचा जुना फोटो सर्वांना पाठवला आणि त्याखाली ‘आदर्श जोडी’ असे लिहिले. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण त्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. उद्या लग्नाला १७ वर्षे पूर्ण होतील. दरवर्षी मी यांना चार ओळी लिहून देते; या वर्षी मात्र कागद समोर घेऊनही शब्द सुचेनात, कारण ज्या ओळी सहज सुचत होत्या त्या सगळ्या मागल्या वर्षांच्या होत्या.

पहिल्या खर्ड्यात मी सगळा हिशोब मांडला. सुताचे दर चढत गेले, विणलेल्या साड्या दुकानदार उचलेनात, उचलल्या तरी पैसे दोन-दोन महिन्यांनी येऊ लागले आणि दिवाळीनंतर दोन्ही माग विकावे लागले. बेळगावच्या वडगावात मागाच्या आवाजाशिवाय घर कसे असते हे मला माहीतच नव्हते. सासूबाईंच्या हाताखाली कांड्या भरायला शिकले ती खोली आता रिकामी आहे, आणि हे उद्यमबागेत दुसऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जातात. हे सगळे खरे असले तरी ते त्यांना ठाऊकच आहे. तो कागद पुन्हा वाचला तेव्हा जाणवले की प्रत्येक वाक्यातून मी त्यांच्याकडून उत्तर मागत आहे, आणि वाढदिवसाच्या दिवशी माणसाच्या हातात असे पत्र ठेवता येत नाही.

दुसरा खर्डा फार गोड झाला. ‘सुखदुःखात साथ’ वगैरे लिहून झाल्यावर वाटले, हे पत्र कोणीही कोणालाही देऊ शकेल. त्यात पाटल्यांचा उल्लेखही नव्हता.

पाटल्या गहाण पडल्या याचे दुःख मी केव्हाच गिळले असते. सुताची थकबाकी भागवायची होती, दुसरा मार्ग नव्हता, हे मला आजही मान्य आहे. सोसायटीची पावती मात्र कन्नडात होती. कपाटात सापडलेला तो कागद मला भराभर वाचता येईना, म्हणून शाळेत कन्नड शिकणाऱ्या लेकीला मी तो वाचायला दिला. तिने वजन वाचले, रक्कम वाचली, तारीख वाचली आणि मग गप्प होऊन माझ्याकडे पाहिले. माझ्याच घरातली गोष्ट मला माझ्या मुलीच्या तोंडून कळावी, यावर मन पुन्हा पुन्हा येऊन थांबते. मला काळजी लागू नये म्हणून सांगितले नाही, असे हे म्हणाले, आणि त्यावर माझा विश्वासही आहे. तरीही ते टोचणे गेलेले नाही. त्यानंतर श्रावणभर आम्ही कामापुरतेच बोललो. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

मध्यरात्री मात्र मन थोडे वळले. जोडी आदर्श आहे की नाही हे ठरवण्याचे काम माझ्याकडे कोणी दिलेले नाही. मला फक्त एवढे ठरवायचे होते की पुढचे वर्ष या माणसाबरोबर कसे काढायचे, आणि काढायचे आहे याविषयी मला एकदाही शंका आली नव्हती. तेव्हा तिसरे पत्र लिहिले, ते असे:

‘अहो, हे वर्ष कठीण गेले. माग विकले त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत आणि मी काही विचारले नाही, कारण विचारले तर तुम्हाला रडू येईल असे वाटले. पाटल्यांबद्दल माझे मन अजून निवळलेले नाही, आणि निवळले असे मी लिहिणार नाही. ते निवळेपर्यंत तुम्ही थांबावे आणि मी त्यावरून टोमणे मारू नयेत, एवढे आपण एकमेकांसाठी करू. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रात्री आपण दोघे वही घेऊन बसू. कोणतेही कर्ज घ्यायचे झाले तर कागदावर सही करण्याआधी ते मला मराठीत सांगा. माझ्या शिवणकामाचे पैसे मी वेगळे ठेवते हे तुम्हाला ठाऊक नसेल. तेही त्याच वहीत लिहू. पाटल्या कधी सुटतील हे मी विचारणार नाही, दरमहा व्याज भरले का एवढेच विचारीन. मी तुमच्याबरोबर आहे आणि पुढेही राहणार आहे.’

शेवटच्या वाक्यापुढे ‘काहीही झाले तरी’ असे लिहिले होते. ते खोडले, कारण पुन्हा अशी लपवाछपवी झाली तर मी कशी वागेन ते मला आज सांगता येत नाही. बाकीच्या वाक्यांतले एकही मागे घ्यावेसे वाटले नाही. ते रात्रपाळीहून सकाळी येतील तेव्हा लेक शाळेला गेलेली असेल. चहा झाल्यावर पत्र त्यांच्या हातात देईन आणि ते वाचेपर्यंत तिथेच बसेन.