आमची वाटचाल: एकवीस तारखेचा ईमेल

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये २०११ साली दोन टेबलं आणि एक प्रिंटर घेऊन मी आणि माझ्या पत्नीनं अकाउंट्सचं ऑफिस थाटलं. आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांचे हिशेब, तेव्हाचा व्हॅट, सर्व्हिस टॅक्स. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि आमचा महिना तारखांनी बांधला गेला. ७ ला टीडीएस, ११ ला विक्रीच्या बिलांचं रिटर्न म्हणजे जीएसटीआर-१, १५ ला पीएफ, २० ला कर भरायचं रिटर्न म्हणजे थ्रीबी. काम वाढलं, माणसं वाढली, आज आम्ही अकरा जण आहोत. पण मधली काही वर्षं नवीन आलेली माणसं महिनाभरही टिकत नव्हती. ते कसं थांबलं, तेवढंच इथे लिहितो.

२०२२ च्या नोव्हेंबरात एक मुलगी ४ तारखेला रुजू झाली. हुशार, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात चांगला. १० तारखेला संध्याकाळी तिच्याकडे एका फॅब्रिकेशनवाल्या पार्टीची ऑक्टोबरची विक्रीची बिलं दिली. त्यात दोन लाखांचं एक बिल होतं, वर ३६,००० जीएसटी. ज्या कंपनीला माल गेला तिची महाराष्ट्रातच दोन युनिटं, दोन वेगळी रजिस्ट्रेशन्स. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. म्हणजे दोन्ही नंबर २७ नेच सुरू होणारे, पॅन एकच. फरक फक्त तेराव्या जागी, आणि शेवटच्या अक्षरात. टॅलीत त्या कंपनीची दोन लेजर, म्हणजे खाती, दिसली, नाव जवळजवळ सारखं. ती थांबली. आम्ही सगळे फोनवर किंवा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेलो. तिनं वरचं लेजर निवडलं. नंबर खरा, म्हणून जीएसटी पोर्टलनंही मुकाट्यानं घेतला.

१४ तारखेला खरेदीदाराला त्याच्या नंबरवरची बिलं दाखवणारं टू-बी स्टेटमेंट तयार झालं आणि दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या अकाउंटंटचा फोन आला, बिल दिसत नाही. बिल तिथे दिसल्याशिवाय त्यांना त्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून त्यांनी आमच्या पार्टीचे ३६,००० रोखून धरले. एकदा भरलेला जीएसटीआर-१ मागे घेता येत नाही. दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये, तक्ता ९ए मध्ये, म्हणजे पैसे सुटले ते डिसेंबरच्या मध्यानंतर. ती मुलगी त्याआधीच सोडून गेली. जाताना म्हणाली, “सर, चूक झाली ते कळलं. पण त्या वेळी विचारायचं कोणाला तेच कळेना.” ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. चूक तिची नव्हतीच. ऑफिसात सगळ्यात घाईच्या आठवड्यात आम्ही तिला आणून बसवलं होतं.

तेव्हापासून नवीन माणूस २१ तारखेला रुजू होतो, थ्रीबीच्या दुसऱ्या दिवशी. दहा-पंधरा दिवस त्यातल्या त्यात निवांत मिळतात, आणि त्याचा पहिला महिना पुढच्या २० ला संपतो, म्हणजे एक पूर्ण फेरी होते. प्रत्येकाला एक सोबती नेमतो.

पहिल्या सोबत्याला मी दोन ओळी लिहिल्या होत्या, “नवीन मुलगा येतोय, त्याच्याकडे लक्ष ठेव.” त्यानं खरंच लक्ष ठेवलं. किती वाजता आला, किती चुका केल्या, हे रोज मला सांगू लागला, आणि त्या मुलानं त्याच्याशी बोलणंच सोडलं. दुसऱ्या वेळी मी सोबतिणीचं काम कमी केलं नाही. समजावून सांगण्यापेक्षा स्वतः करून टाकणं तिला सोपं पडलं. नव्या मुलीची सगळी रिटर्न्स बिनचूक दिसत होती. सोबतीण दोन दिवस रजेवर गेली तेव्हा उलगडा झाला.

म्हणून आता मी आधी तोंडी विचारतो, हो म्हटल्यावरच ईमेल पाठवतो. गेल्या वेळचा असा होता:

“२१ तारखेला एक मुलगा रुजू होतोय. बीकॉम झालाय, पहिलीच नोकरी, बदलापूरहून येणार. पहिल्या महिन्यासाठी तू त्याची सोबतीण व्हायला तयार झालीस, मनापासून आभार. तुझी जबाबदारी कुठवर आणि कुठे नाही, ते स्पष्ट असावं म्हणून लिहून देतोय.

२० तारखेपर्यंत तुझ्या दोन पार्ट्या मी बघेन. तो वेळ त्याच्यासाठी आहे, दुसऱ्या कामात घालवू नकोस.

पहिल्या दिवशी त्याला जेवायला बरोबर घे. टॅलीचा पासवर्ड, फायलींची कपाटं, कोणत्या पार्टीला कोण सांभाळतं, एवढंच त्या दिवशी पुरे. पुढे रोज पावणेपाचला चहाच्या वेळी पंधरा मिनिटं. ‘काही अडचण आहे का’ असं विचारू नकोस, उत्तर ‘नाही’ असंच येतं. ‘आज कुठे थांबलास’ असं विचार.

ओटीपीसाठी पार्टीला फोन करायची नव्या मुलांना फार धास्ती असते. पहिले दोन फोन तू कर, त्याला शेजारी बसव. तिसरा त्याला करू दे, तू शेजारी बस.

८ किंवा ९ तारखेला त्याची बिलं अपलोड करण्याआधी एकदा बरोबर बसा. एकाच पॅनवर दोन नंबर असलेली पार्टी असेल, तर पोर्टलवर नंबर टाकून पत्ता बघायचा आणि बिलावरच्या पत्त्याशी ताडायचा. हे तू करून देऊ नकोस, त्याच्या हातून करून घे.

त्याचं काम तपासणं, त्याची रजा, पगार, तो राहील की नाही, हे तुझ्याकडे नाही. ते माझ्याकडे. चूक झाली तर जाब मी विचारेन, तोही तुला नाही. तो तुझ्याशी जे बोलेल ते त्याच्या परवानगीशिवाय मला सांगायचं नाही. अपवाद दोनच. पार्टीचा पासवर्ड किंवा पैसा धोक्यात असेल तर, आणि ऑफिसात कोणी त्याच्याशी नीट वागत नसेल तर. तेव्हा त्याच दिवशी माझ्याकडे ये.

हाच मजकूर मी त्यालाही पाठवतोय. २० ला थ्रीबी भरून झाली की आपण तिघं बसू. तुम्हा दोघांचं जमत नाही असं आधीच वाटलं, तर मोकळेपणानं सांग, आपण सोबती बदलू.”

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालतो. एकदा ते नव्हतं आणि दोघांनी महिनाभर एकमेकांना कसंबसं सहन केलं.

सोबतीमुळे सगळं सुटतं असं नाही. तो बदलापूरचा मुलगा कामात रुळला, पण दुसऱ्या आठवड्यात रोज उशिरा यायला लागला. सोबतिणीनं त्याला विचारूनच मला सांगितलं. सकाळच्या गर्दीत त्याच्या दोन-दोन गाड्या सुटत होत्या आणि ठाण्याला उतरून शेअर रिक्षाची रांग वेगळी. ते तिच्या हातात नव्हतं, माझ्या हातात होतं. आता तो गर्दीच्या आधीची गाडी पकडून साडेआठला ऑफिस उघडतो आणि पाचला निघतो. चावी त्याच्याकडेच असते.