दहा पूर्णांक तीन

आपल्या शाळेच्या पदवीपूर्व विभागात मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी होतो. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून लाल बसने यायचो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे पहिल्या वर्षी ब्युरेट आणि पिपेट यांतलं कुठलं कुठलं हेच मी विसरायचो. आज मी स्वतः रसायनशास्त्र शिकवतो आणि प्रात्यक्षिकाला गुण देतो. ते द्यायला मी ज्यांच्याकडे शिकलो, त्या रसायनशास्त्राच्या सरांच्या एका पूर्वपरीक्षेबद्दल लिहितो.

प्रयोग नेहमीचाच होता. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, फ्लास्कमध्ये पिपेटने घेतलेलं १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं, साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम करायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत वरून परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. तोवर ते किती मिली लागलं, ते रीडिंग. असं तीनदा. गुण वीस. त्यांतले आठ हाताळणीला, आठ रीडिंगला आणि चार टेबलाच्या टापटिपीला.

सर टेबलांमधून हातात एक कागद घेऊन फिरायचे आणि परीक्षा चालू असताना एक शब्दही बोलायचे नाहीत. वीस मुलांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणं कुणालाच शक्य नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते प्रत्येकाच्या तीनच वेळा पकडायचे: भांडी विसळताना, पिपेट भरताना आणि रंग टिकू लागण्याच्या आधीचा शेवटचा एक मिली सोडताना. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिलाय का, वरची फनेल काढलीय का, पिपेटचा शेवटचा थेंब फुंकून पाडला की टोक काचेला टेकवून सोडला, फ्लास्क एका हाताने फिरतोय का, हे सगळं त्या तीन वेळांत दिसतं. परमँगनेट गडद असतं, खालची वक्र कड दिसत नाही, म्हणून वरच्या कडेवर रीडिंग घ्यायचं. तेव्हा मुलाचा डोळा त्या पातळीला आलाय की तो उभ्यानेच खाली बघतोय, तेही ते टिपायचे.

माझी रीडिंग आली १०.३, १०.३, १०.२. एकमेकांशी जुळणारी. टेबल पुसलेलं, जळालेल्या काड्या एका वाटीत, बाटल्यांची झाकणं जागच्या जागी. मी निर्धास्त होतो. मिळाले सोळा.

सरांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. त्यांनी त्याच बाटल्यांतली द्रावणं घेऊन सकाळी स्वतः रीडिंग घेतलं होतं, ते १०.० होतं. परमँगनेट ठेवून ठेवून बदलतं, त्यामुळे पुस्तकातला आकडा धरून चालत नाही, असा त्यांचा नियम होता. मग विचारलं, "फ्लास्क कशानं विसळलास रे?"

"ऑक्झॅलिकनं, सर. पिपेट विसळली तशीच."

"पिपेट विसळायचीच त्यानं. आत पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं. पण फ्लास्कमध्ये तू १० मिली मोजून घालतोस, आणि भिंतीला आधीच थोडं चिकटलेलं असतं. ते मोजलं कुणी? पाणी राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. आम्ल तेवढंच राहिलं असतं."

मी प्रत्येक वेळी तसंच विसळत होतो. म्हणून प्रत्येक वेळी साधारण तेवढंच जास्त आम्ल येत होतं आणि रीडिंग जुळत होती. जुळणारी आणि बरोबर यांतला फरक मला तेव्हा पहिल्यांदा कळला. उत्तरपत्रिकेवरून ही चूक कधीच सापडली नसती. कुणीतरी विसळताना पाहणं, हाच एक मार्ग.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या वर्गमैत्रिणीचा कागद अगदी स्वच्छ होता: १०.०, १०.०, १०.०. तिला रीडिंगचे आठपैकी तीनच मिळाले. तिचा फ्लास्क जाळीवर एकदाच चढला होता, हे सरांनी पाहिलं होतं. परमँगनेटला थंड ऑक्झॅलिक आम्लाबरोबर रंग घालवायला वेळ लागतो. तिन्ही वेळा प्रयोग झाला असता तर तिन्ही वेळा बर्नर लागला असता.

माझे चार गुण कसे गेले, तेही सांगतो. विसळण्याच्या चुकीचे हाताळणीतून दोन. रीडिंगमधले चार एकमेकांशी जुळण्याला होते, ते पूर्ण मिळाले, आणि चार सरांच्या रीडिंगच्या जवळ असण्याला. फरक ०.३ म्हणून त्यातले दोन गेले. इथे मात्र सरांशी माझं अजूनही जमत नाही. एकाच चुकीला दोनदा गुण कापले गेले. मी आता असं करतो: हाताळणीतली चूक मी डोळ्यांनी पाहिली असेल आणि रीडिंगमधला फरक तिच्यामुळेच असेल, तर गुण हाताळणीतूनच कापतो. पुढचं गणितही मुलाच्या स्वतःच्या रीडिंगवरून तपासतो, माझ्या नव्हे.

फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर मात्र मी ती फेरी धरत नाही. सल्फ्युरिक आम्ल कमी पडलंय, किंवा द्रावण पुरेसं तापलेलं नसताना परमँगनेट भराभरा सोडलंय. ती फेरी ओतून पुन्हा सुरू करणाऱ्या मुलाला मी वेळ वाढवून देतो आणि माझ्या कागदावर त्याच्या नावापुढे हाताळणीत एक खूण करतो, वजाची नाही, अधिकची.