फ्लेक्सच्या प्रूफमधला चुकलेला नंबर प्रिंटच्या आधी दुरुस्त करून घेतला, माझा अनुभव

आमचं सांगलीत मिरची कांडप आणि मसाल्याचं दुकान आहे. उन्हाळ्यात चटणीचा सीझन असतो तेव्हा लोक आधी फोन करून विचारतात, आज मिरची आणली तर कधी मिळेल, गर्दी किती आहे, लाईट आहे का. म्हणजे बॅनरवर दुकानाचं नाव थोडं लहान आलं तरी चालेल पण नंबर चुकला तर सगळा सीझन गेला. यावर्षी सीझनच्या आधी नवीन फ्लेक्स करायला टाकलं, १० फूट बाय ३ फूट, आणि प्रिंटरवाल्याकडनं व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ आलं, खाली लिहिलेलं "ताई चेक करून ओके द्या, रात्री मशीनला टाकतो".

आमच्या बॅनरवर एकच नंबर दोन ठिकाणी होता. वर उजव्या कोपऱ्यात मराठी आकड्यात, आणि खालच्या लाल पट्टीत व्हॉट्सअ‍ॅपच्या चिन्हाशेजारी इंग्रजी आकड्यात मोठा. वरचा बरोबर होता, खालचा चुकलेला. पूर्ण नंबर इथं देत नाही, शेवटचे चार आकडे 4763 पाहिजेत तिथं 4673 पडलेले. नुसतं बघून हे सापडत नाही, कारण स्वतःचा नंबर आपल्याला इतका पाठ असतो की डोळा पहिले चार-पाच आकडे बघतो आणि पुढचं मनानंच वाचतो. म्हणून मी पोराला प्रूफ बघून एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लावला आणि त्याच्या फोनवरनं तोच नंबर लावला. माझा फोन वाजायला पाहिजे होता, तो वाजलाच नाही, तिकडनं तासगावकडच्या कुठल्या तरी बाईनं उचलला. त्यांची माफी मागून फोन ठेवला. तो नंबर तसाच छापला असता तर त्या बिचारीला दोन-तीन महिने मिरचीचेच फोन घ्यावे लागले असते.

नंबर बदलतो कसा हे मला डिझाईन करणाऱ्या पोरानं नंतर सांगितलं. मी सगळा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर नीट टाईप करून दिला होता, पण ते लोक कोरल ह्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट वापरतात, श्रीलिपी वगैरे, त्यात मोबाईलवरचा मराठी मजकूर पेस्ट केला की अक्षरांचा कचरा होतो. म्हणून तो मोबाईल शेजारी ठेवून सगळं बघून-बघून परत टाईप करतो, आणि त्या ओघात नंबर पण हातानंच टाईप करतो. दोन ठिकाणी असेल तर दोनदा. त्यामुळं एक बरोबर आणि एक चूक असं होऊ शकतं, आणि एक बरोबर दिसला की माणूस दुसरा बघत नाही.

आता मेसेज. बरेच लोक नुसतं "नंबर चुकलाय बघा, बरोबर करून टाका" एवढंच लिहितात. त्यात तीन अडचणी आहेत. कुठला नंबर ते कळत नाही, काय पाहिजे ते कळत नाही, आणि "टाका" म्हटलं की त्याचा अर्थ दुरुस्त करून थेट प्रिंटला टाका असा पण होतो. सीझनला त्यांच्याकडं लग्नाचे, वाढदिवसाचे, दुकानांचे असे ढिगानं बॅनर चालू असतात. म्हणून मी त्याच प्रूफच्या फोटोला रिप्लाय करून लिहिलं, म्हणजे कुठल्या बॅनरबद्दल बोलतोय ते त्याला शोधावं लागू नये. मेसेज असा होता:

"दादा, आमच्या मसाल्याच्या दुकानाचं १० बाय ३ चं फ्लेक्स. अजून प्रिंटला टाकू नका.

खालच्या लाल पट्टीतला मोबाईल नंबर चुकलाय. शेवटी 4673 पडलंय, तिथं 4763 पाहिजे. चार, सात, सहा, तीन.

वर उजव्या कोपऱ्यातला मराठी आकड्यातला नंबर बरोबर आहे, त्याला हात लावू नका.

पूर्ण नंबर खाली वेगळ्या मेसेजमध्ये पाठवतेय, तिथनं कॉपी करून पेस्ट करा, हातानं टाईप करू नका.

नवीन प्रूफ पाठवा, आणि नंबरच्या पट्टीचा जवळनं वेगळा फोटो पण. मी 'ओके प्रिंट' असं लिहिल्याशिवाय मशीनला देऊ नका. जुनी फाईल मशीनच्या कॉम्प्युटरवर गेली असेल तर ती काढून टाका."

त्याच्या खाली दुसरा मेसेज, त्यात फक्त दहा आकडे, बाकी एक अक्षर पण नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण मजकुराच्या मध्ये नंबर असला की कॉपी करायला त्रास होतो आणि मग माणूस परत टाईपच करतो. इंग्रजी आकडे इंग्रजी फॉन्टमध्ये पेस्ट व्हायला काही अडचण येत नाही, कचरा होतो तो मराठी अक्षरांचा. आणि तिसरा, प्रूफचाच फोटो, त्यावर मोबाईलमधल्या पेननं चुकलेल्या आकड्यांना लाल गोल केलेला. "चार, सात, सहा, तीन" असं अक्षरात मुद्दाम लिहिलं, कारण 4673 आणि 4763 शेजारी-शेजारी वाचले की घाईत दोन्ही सारखेच वाटतात.

जुनी फाईल काढून टाका हे का, तर तिथं डिझाईन करणारा वेगळा आणि मशीन चालवणारा वेगळा. डिझाईन झालं की अक्षरांचं कर्व्ह करतात म्हणजे ती चित्रासारखी होतात, मग प्रिंटची फाईल काढून मशीनच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये ठेवतात. मशीनवाला मजकूर वाचत नाही, तो साईज बघतो आणि मोठ्या रोलवर वेगवेगळ्या गिऱ्हाईकांचे बॅनर शेजारी-शेजारी बसवून एकदम सोडतो. डिझाईनवाल्यानं दुरुस्ती केली आणि फोल्डरमध्ये जुनी-नवी अशा दोन्ही फाईली राहिल्या तर जुनीच छापली जायची शक्यता असतेच. आमच्या शेजारच्या भांड्याच्या दुकानाचं असंच झालेलं, प्रूफ बरोबर आणि फ्लेक्स चुकीचं. मग नंबरवर स्टिकर चिकटवून दिला, पण त्याचा लाल रंग फ्लेक्सच्या लालशी जुळला नाही आणि उन्हात कडा सुटायला लागल्या, लांबनं सुद्धा ठिगळ दिसायचं.

मेसेज गेला, निळ्या टिका पण आल्या, पण मी त्यावर थांबले नाही. रात्री टाकतो म्हणाला होता म्हणून लगेच फोन केला, "दादा मेसेज बघा, फाईल मशीनला दिली नाही ना?" तर तो म्हणाला, "ताई, दिली होती, थांबा सांगतो त्याला." फाईल खरंच पुढं गेलेली. वेळेत फोन झाला म्हणून थांबली. माझं तर स्पष्ट मत आहे की दुरुस्ती मेसेजमध्ये लिहायची, म्हणजे लेखी राहते आणि आकडे बघून टाकता येतात, पण थांबवायचं काम फोनवरच करायचं.

थोड्या वेळानं नवीन प्रूफ आलं. नंबर बरोबर होता, परत एकदा प्रूफवरनं वाचून लावला, माझा फोन वाजला. पण अख्ख्या बॅनरचा फोटो झूम केला की आकडे फुटत होते, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबून लहान होतो, त्यात 3 आणि 8, 6 आणि 8 यात फरकच कळत नाही. जवळनं पाठवलेल्या फोटोत स्वच्छ दिसत होतं, म्हणून तो वेगळा मागवायचा, नाहीतर फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायची.

आणि ह्या प्रूफमध्ये एक नवीनच गोष्ट झालेली. परत टाकताना त्यानं नंबर अजून मोठा केला, दिसायला छान, पण पट्टी खालच्या कडेपर्यंत गेली आणि शेवटचा 3 उजव्या कडेला जवळजवळ टेकला. आमचं फ्लेक्स लाकडी फ्रेमवर ताणून बसवतात, चारी बाजूंनी दोन-तीन इंच कापड मागं दुमडून खिळे मारतात. म्हणजे स्क्रीनवर बरोबर असलेला नंबर बसवल्यावर शेवटचा आकडा फ्रेमच्या मागं. म्हणून परत लिहिलं:

"नंबर आता बरोबर आहे, त्यातला एक पण आकडा बदलू नका. फक्त पूर्ण पट्टी कडेपासून चार इंच आत घ्या, फ्रेमला दुमडायचं आहे. मोठा बसत नसेल तर नंबर थोडा लहान करा, चालेल."

"आकडा बदलू नका" हे परत लिहायला मला कमीपणा वाटला नाही, कारण प्रत्येक दुरुस्तीत दुसरं काहीतरी हलतं हे समोर दिसत होतं.

तिसऱ्या प्रूफला मी सगळंच परत बघितलं, नुसता नंबर नाही. दुकानाचं नाव, वेळ, सोमवारी बंद असतं ती ओळ, वरचा मराठी आकड्यातला नंबर, आणि पैसे घ्यायचा क्यूआर कोड. कोड दुसऱ्या मोबाईलनं स्कॅन केला, मालकांचं म्हणजे आमच्या ह्यांचंच नाव आलं, मग मनाला पटलं. सगळं बघून झाल्यावर त्याच फोटोला रिप्लाय करून लिहिलं, "हे तिसरं प्रूफ ओके. ओके प्रिंट. आधीची दोन्ही रद्द." नुसता अंगठा पाठवला नाही, कारण अंगठा कुठल्या प्रूफला दिला ह्यावरनंच नंतर वाद होतात. सगळीकडं नियम एकच, गिऱ्हाईकानं ओके दिल्यावर निघालेली चूक गिऱ्हाईकाची, परत छापायचं तर परत पैसे. आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे, म्हणून तर ओकेच्या आधी एवढं बघायचं. आमचं ३० स्क्वेअर फूट, पैसे तसे फार नाहीत, पण सीझनच्या तोंडावर परत रांगेत नंबर लावायचा म्हणजे चार-पाच दिवस दुकान बिनबॅनरचं.

फ्लेक्स आणायला गेले तेव्हा तिथंच जमिनीवर उलगडून पट्टी बघितली आणि नंबर परत लावून बघितला. डिझाईनवाला पोरगा हसला, म्हटलं हस, पण माझं गिऱ्हाईक ह्याच नंबरवर येणार आहे. निघताना त्याला एकच सांगितलं की कोरलमधली पहिली चुकीची फाईल पण काढून टाक आणि हीच ठेव, कारण दिवाळीला फराळाच्या मसाल्याचा बॅनर करायचा तेव्हा तो जुनीच फाईल उघडून त्यात बदल करणार. त्यानं माझ्यासमोर जुनी डिलीट केली आणि नव्या फाईलच्या नावात 4763 टाकून ठेवलं.