खिडकीतून दिसलेलं बेट: जंजिरा की सिंधुदुर्ग?

मुंबईहून दाबोळीला जाणारं सकाळचं विमान, उजवीकडची खिडकी. सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतं आणि पश्चिमेचा किनारा स्वच्छ उजळतो, म्हणून मी मुद्दाम उजवी बाजू घेते. दुपारच्या विमानात हीच जागा घेतली तर समुद्र नुसता चकाकतो. पावसाळा नुकताच संपलेला, हवा धुतलेली होती. विमान खाली यायला लागलं तेव्हा किनाऱ्याजवळ एक छोटं बेट दिसलं, कडेला पांढरी फेसाची रेघ. शेजारचे काका वाकून बघत म्हणाले, "जंजिरा! तटबंदीवरून ओळखला मी."

मला खात्री वाटेना. मी तीन-चार फोटो काढून घेतले आणि घरी आल्यावर नकाशा उघडला.

पहिला प्रश्न वेळेचा. मुंबई ते दाबोळी सरळ रेषेत साधारण ४२० किलोमीटर आहे. मुरूडचा जंजिरा १८.३ अक्षांशावर, म्हणजे वाटेच्या पहिल्या पाचव्या हिश्शातच मागे पडतो. तेव्हा विमान अजून वर चढत असतं. माझ्या फोटोंवरची वेळ पाहिली तर प्रवासाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उरकला होता. म्हणजे जंजिरा गेला, हर्णेचा सुवर्णदुर्गही गेला. आता बघायचं ते १६ अक्षांशाच्या आसपास. तिथे किनाऱ्याला लागून असलेलं, तटबंदीचं ठसठशीत बेट म्हणजे मालवणचा सिंधुदुर्ग. पण वेळेवरून नुसता अंदाज येतो. खात्री करायची तर किनाऱ्याची रेघ नकाशाशी जुळायला हवी.

इथे बरेच जण अडतात, कारण फोटो आणि नकाशा एकमेकांशेजारी ठेवले की काहीच जुळत नाही. नकाशात उत्तर वर असते. आपण दक्षिणेकडे जाणाऱ्या विमानात उजव्या खिडकीतून पश्चिमेला बघत असतो, म्हणून आपल्या चित्रात पश्चिम वर, उत्तर उजव्या हाताला आणि दक्षिण डावीकडे. जमीन खाली, समुद्र वर. नकाशा फिरवून पश्चिम वर आणली की निम्मं काम होतं. कागदी नकाशा असेल तर तो हातात आडवा करा. गूगल अर्थमध्ये होकायंत्राची कडी फिरवता येते.

दुसरी अडचण चपटेपणाची. विमान पाच-सहा किलोमीटर उंचीवर आणि बेट वीसेक किलोमीटर दूर असेल तर नजर अगदी तिरकी, साधारण १५ अंशांची पडते. तेव्हा आपल्यापासून दूर जाणारी लांबी खऱ्याच्या चौथाईएवढीच दिसते, आडवी लांबी मात्र तशीच राहते. गोल बेटही ताटातल्या पोळीसारखं चपटं दिसतं. म्हणून मी बेटाचा आकार जुळवायला जात नाही, किनाऱ्यावर डावीकडून उजवीकडे काय क्रमाने येतं ते जुळवते. हा क्रम तिरक्या नजरेतही बिघडत नाही. गूगल अर्थमध्ये दृश्य तिरकं करून, नजर साधारण त्याच उंचीवर नेता येते. मग बेटही फोटोसारखंच चपटं दिसतं आणि तुलना सोपी जाते.

आता माझा फोटो. उजवीकडून सुरू करूया, म्हणजे उत्तरेकडून. तिथे एक लांब, सरळ वाळूची पट्टी दिसते, तिच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला तिला समांतर वाहणारी खाडी. तिचं टोक दक्षिणेकडे. मग काळपट खडकाळ भाग. त्याच्यासमोर पाण्यात ते बेट. त्यानंतर पुन्हा एक सरळ वाळूची पट्टी, मागे पुन्हा समांतर नदी, पुन्हा दक्षिणेकडे टोक.

गंमत अशी की या एकाच तालुक्यात अशा पट्ट्या दोन आहेत. उत्तरेची तोंडवळी-तळाशीलची, गड नदीच्या खाडीलगत. दक्षिणेची तारकर्ली-देवबागची, कर्ली नदीलगत. फोटोत एकच पट्टी आली असती तर कोणती ते सांगणं अवघड होतं, कारण दोन्हींची ठेवण सारखी. उत्तर बेटातून मिळतं. तळाशीलचं टोक संपलं की सर्जेकोटचा खडकाळ भाग येतो आणि मग मालवण, समोर सिंधुदुर्ग. देवबागची पट्टी मात्र मालवणच्या पुढे, बेट मागे पडल्यावर सुरू होते. तिचं टोक संपलं की नदीच्या मुखापलीकडे भोगव्याचा डोंगर आणि त्यापुढे निवतीचं भूशिर. दोन पट्ट्यांच्या मधोमध तटबंदीचं बेट, अशी रचना कोकणाच्या किनाऱ्यावर मला दुसरीकडे सापडली नाही. माझ्या फोटोत डाव्या टोकाला उंचवट्याचं भूशिरही होतं, पंखाच्या कडेला चिकटलेलं.

अंतरही तपासलं. मालवणपासून देवबागच्या टोकापर्यंत नकाशावर नऊ-दहा किलोमीटर भरतात. विमान मिनिटाला दहाएक किलोमीटर जातं, म्हणून हे अंतर मागे पडायला सुमारे एक मिनिट लागायला हवं. बेट खिडकीच्या मध्यावर असतानाचा फोटो आणि पट्टीचं टोक मध्यावर असतानाचा फोटो, यांच्या वेळांतला फरक तेवढाच होता. नंतर विमानाचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर बघितलं, तर बेटाच्या फोटोच्या वेळी आम्ही कुडाळच्या आसपास होतो. तिथून थेट पश्चिमेला मालवण. इतकं झाल्यावर जंजिऱ्याचा विषय मिटला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग ४८ एकरांचा आहे, जंजिरा त्याहून बराच लहान. शिवाय जंजिरा राजपुरी खाडीच्या तोंडात बसलेला, सिंधुदुर्ग उघड्या समुद्रात.

अर्थात हे जमलं ते हवा चांगली होती म्हणून. ढगाची सावली पाण्यावर पडली की ती हुबेहूब बेट दिसते. खऱ्या बेटाच्या कडेला फेस असतो आणि पुढच्या फोटोतही ते किनाऱ्याच्या त्याच जागेसमोर राहतं. सावली सरकते. वाळूच्या टोकांवरही फार विसंबू नये. पावसाळ्यात नद्या भरून आल्या की ती वाकतात, कापली जातात, पुढच्या वर्षी वेगळी दिसतात. उपग्रहचित्र जुनं असेल तर जुळणी तिथेच फसते. खडक आणि डोंगराची भूशिरं तशीच राहतात, म्हणून आधी ती जुळवावीत.

एक तपशील मात्र अडून बसला. माझ्या फोटोत कर्लीच्या मुखापाशी फिकट वाळूचा ठिपका होता, उपग्रहचित्रात तिथे नुसतं पाणी. कोकणातल्या जुन्या हिशोबाप्रमाणे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. त्या दिवशी संकष्टी होती. चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. तिच्या सहा तास पुढे-मागे ओहोटी, म्हणजे नऊच्या सुमारास. माझा फोटो नऊच्या जरा आधीचा. ओहोटीला उघडी पडणारी तिथली वाळू आहे ती. तिला पर्यटक हल्ली 'त्सुनामी आयलंड' म्हणतात आणि भरतीच्या वेळी काढलेल्या उपग्रहचित्रात ती शोधून सापडत नाही.